घटक ६ : मुदत चुकल्यानंतरचे दिलगिरीपत्र : कारण, दुरुस्ती आणि नवी वेळ

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :

- मुदत चुकल्याच्या घटनेमागील खरे कारण शोधून ते एका-दोन वाक्यांत मांडता येईल.
- कामाची नवी वेळ अंदाजाने न सांगता हिशोबाने ठरवता येईल.
- दिलगिरी व्यक्त करणाऱ्या मराठी वाक्यरचनांतील अर्थभेद ओळखता येतील.
- काम सोपवणाऱ्या व्यक्तीला उपयोगी पडेल असे दिलगिरीपत्र लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण विनंतीपत्र आणि स्वीकृतिपत्र यांचा विचार केला. स्वीकृतिपत्रात आपण कामाची मुदत मान्य करतो. ती मुदत टळून गेली, तर काम सोपवणाऱ्या व्यक्तीला जे पत्र लिहावे लागते, त्याचा विचार या घटकात करावयाचा आहे. आज हे पत्र बहुधा ई-मेलने किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशाने जाते. माध्यम बदलले तरी त्याची अंगे बदलत नाहीत.

या पत्राला दिलगिरीपत्र म्हटले जाते, आणि त्यामुळे एक गैरसमज निर्माण होतो. लिहिणाऱ्याला वाटते की आपल्याला किती वाईट वाटले हे नीट सांगितले, म्हणजे पत्र चांगले झाले. वाचणाऱ्याची गरज मात्र निराळी असते. त्याच्यापुढे आपल्या कामावर अवलंबून असलेले पुढचे काम उभे असते. ते थांबवावे, पुढे ढकलावे की दुसऱ्या मार्गाने करावे, याचा निर्णय त्याला आपले पत्र वाचून घ्यावयाचा असतो. म्हणून या पत्राची खरी कसोटी एवढीच : ते वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो की नाही?

मराठीच्या पदवीधराला मुद्रितशोधन, अनुवाद आणि अक्षरजुळणी या क्षेत्रांत काम मिळण्याची शक्यता बरीच असते. म्हणून त्याच क्षेत्रातील एक उदाहरण घेऊन आपण हा विषय समजून घेऊ.

६.२ उदाहरण : पुस्तिकेचे मुद्रितशोधन

एका स्वयंसेवी संस्थेला महिला बचत गटांसाठी ९६ पृष्ठांची प्रशिक्षण पुस्तिका पुन्हा छापावयाची आहे. जुनी प्रत युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित केलेली आहे. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मुद्रिते तपासून देण्याचे काम संस्थेच्या प्रशिक्षण समन्वयक बाईंनी घरून काम करणाऱ्या एका मुद्रितशोधिकेकडे सोपवले. मुदत होती सोमवार, १७ नोव्हेंबर, सायंकाळी ५ वाजता. समन्वयक बाई मंगळवार व बुधवार या दोन दिवसांत पुस्तिका वाचणार होत्या. गुरुवारी ती छापखान्यात जाणार होती. छपाई व बांधणीला तीन दिवस लागणार होते आणि सोमवार, २४ नोव्हेंबर रोजी प्रशिक्षण सुरू होणार होते.

मुद्रितशोधिकेने रूपांतर करून पहिली दहा पृष्ठे बारकाईने पाहिली. ती निर्दोष होती. रूपांतर चांगले झाले असे समजून तिने उरलेल्या वाचनासाठी शेवटचे दोन दिवस राखून ठेवले. रविवारी रात्री आठ वाजता ती ४१ व्या पृष्ठावर पोहोचली, तेव्हा तिच्या लक्षात आले की तेथून पुढचा मजकूर बिघडलेला आहे. ‘कर्ज’ या शब्दाचे ‘कजर्’, ‘खर्च’चे ‘खचर्’ आणि ‘वर्ष’चे ‘वषर्’ झाले होते. ‘निधी’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘न’च्या आधी सुटी पडली होती.

असे का झाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे जशी कागदावर दिसतात तशी साठवली जातात. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून ती आधी येते. रफार अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो अक्षरानंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम पाळला जातो : वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा ‘र्’ व्यंजनाच्या आधी. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला हा क्रम उलटा करावा लागतो आणि त्यासाठी मूळ फॉन्ट कोणता, हे तिला ठाऊक असावे लागते. पुस्तिकेचा उत्तरार्ध वेगळ्या व्यक्तीने वेगळ्या फॉन्टमध्ये टंकित केला होता. रूपांतर मात्र सगळ्या मजकुराचे एकाच फॉन्टच्या हिशोबाने झाले.

शोध व बदल ही सोय वापरून असे दोष दूर करता येतील, असे प्रथम वाटते. काही अंशी ते खरे आहे. मराठी शब्द ‘र्’ या पायमोड्या अक्षराने सहसा संपत नाही, म्हणून ‘कजर्’ किंवा ‘वषर्’सारखी रूपे शोधता येतात. पण ‘कर्जदार’चे जेव्हा ‘कजर्दार’ होते, तेव्हा सुटलेला ‘र्’ पुढच्या ‘दा’वर जाऊन बसतो. ‘खर्चाचा’ या रूपाचे ‘खचार्चा’ होते. ही रूपे अर्थहीन असली तरी त्यांची अक्षररचना नियमबाह्य नाही, त्यामुळे यंत्राला त्यांत चूक दिसत नाही. ती डोळ्यांनी वाचूनच काढावी लागतात. कर्ज, खर्च आणि वर्ष हे ज्या पुस्तिकेतील मुख्य शब्द, त्या पुस्तिकेत असे दोष पानोपानी आढळणार, हे उघड आहे.

सोमवारचे पाच वाजले तेव्हा पहिली ४० पृष्ठे तयार होती आणि ५६ पृष्ठे बाकी होती.

६.३ पहिला मसुदा आणि त्यातील उणिवा

सायंकाळी सहा वाजता मुद्रितशोधिकेने पुढील संदेश लिहिला :

> महोदया, काही तांत्रिक अडचणींमुळे पुस्तिकेच्या कामास विलंब झाला आहे. आपली गैरसोय झाली असल्यास क्षमस्व. लवकरात लवकर काम पूर्ण करून परवापर्यंत पाठवण्याचा प्रयत्न केला जाईल.

या संदेशात व्याकरणाची एकही चूक नाही, सूरही नम्र आहे. तरीही समन्वयक बाईंना त्याचा उपयोग होत नाही. प्रत्येक वाक्य तपासून पाहू.

‘काही तांत्रिक अडचणींमुळे’ या शब्दांतून काहीच कळत नाही. संगणक बंद पडला, वीज गेली, की मजकूरच बिघडला? पहिल्या दोन अडचणी एकदा दूर झाल्या की संपतात. तिसरीत मात्र छापील पुस्तिकेत चुका राहण्याचा धोका असतो. यांपैकी काय घडले हे कळल्याखेरीज समन्वयक बाईंना पुढची काळजी घेता येत नाही.

‘विलंब झाला आहे’ या वाक्यात कर्ता ‘विलंब’ हा आहे. तो जणू आपोआप घडून आला. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. कर्मणी प्रयोग केला की जबाबदारी लपते, असे सरसकट म्हणता येत नाही. ‘मी पुढची पाने तपासली नाहीत’ हे वाक्य कर्मणी प्रयोगातीलच आहे. त्यातील क्रियापद ‘पाने’ या कर्माप्रमाणे चालते, तरी ‘मी’ जागेवर असल्यामुळे जबाबदारी स्पष्ट राहते. जबाबदारी लपते ती कर्ता गाळल्याने किंवा घटनेलाच कर्ता केल्याने. ‘प्रयत्न केला जाईल’ या शब्दांत पुन्हा तेच घडले आहे. प्रयत्न कोण करणार, हे सांगितलेले नाही.

‘गैरसोय झाली असल्यास’ ही अट अनाठायी आहे. समन्वयक बाईंचे दोन दिवसांचे नियोजन मोडले आहे, आणि हे लिहिणारीला ठाऊक आहे. जे निश्चित घडले ते जर-तरच्या रूपात मांडले, की वाचणाऱ्याला आपली अडचणच नाकारली गेल्यासारखी वाटते.

सर्वांत मोठा दोष ‘परवा’ या शब्दात आहे. मराठीत ‘परवा’ हा शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी येतो. येथे भविष्यकाळामुळे अर्थ कळतो, परंतु संदेश रात्री बारानंतर वाचला गेला तर ‘परवा’ कोणत्या दिवसापासून मोजावयाचा? शिवाय ‘पर्यंत’ या शब्दावरून त्या दिवसाची सकाळ समजावी की रात्र, हेही कळत नाही. ‘लवकरात लवकर’ आणि ‘परवापर्यंत’ हे शब्द एकाच वाक्यात आल्यामुळे नक्की कोणता धरावा, असाही प्रश्न पडतो. ‘येत्या सोमवारी’, ‘दोन दिवसांत’, ‘दुपारी’ हे शब्दही असेच सैल आहेत. अशा पत्रात वार, दिनांक आणि घड्याळातील वेळ ही तिन्ही लिहावीत. वार व दिनांक दोन्ही लिहिल्याने एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती लक्षात येते.

६.४ खरे कारण शोधणे

विलंबाचे कारण सांगताना तीन गोष्टी वेगवेगळ्या कराव्या लागतात : घडले काय, ते का घडले आणि ते वेळीच का कळले नाही.

आपल्या उदाहरणात मजकूर बिघडला, ही घटना आहे. उत्तरार्ध वेगळ्या फॉन्टमध्ये होता, हे तिचे कारण आहे. पण एवढ्यावर थांबले तर सगळा दोष फॉन्टवर, आणि अप्रत्यक्षपणे जुनी प्रत देणाऱ्या संस्थेवर जातो. मुदत चुकली ती मुद्रितशोधिकेने केवळ सुरुवातीची दहा पृष्ठे पाहून सगळ्या पुस्तिकेविषयी निष्कर्ष काढला म्हणून. मधली आणि शेवटची दोन-दोन पृष्ठे पहिल्याच दिवशी पाहिली असती, तर दोष तेव्हाच कळला असता आणि मुदत पाळता आली असती. हे तिसरे उत्तर देणे जड जाते, पण त्यातूनच वाचणाऱ्याला विश्वास वाटतो की लिहिणाऱ्याला चूक समजली आहे.

येथे आणखी एक चूक झाली आहे. दोष रविवारी रात्री आठ वाजता कळला होता. ५६ पृष्ठे सोमवारी पाचपर्यंत होणार नाहीत, हे तेव्हाच स्पष्ट होते. तरीही संदेश लिहिला गेला तो मुदत टळल्यावर. रविवारी कळवले असते तर समन्वयक बाईंना छापखान्याशी बोलण्यासाठी सोमवारचा अख्खा दिवस मिळाला असता. काम उशिरा होणे आणि उशीर होणार हे उशिरा सांगणे, या दोन स्वतंत्र चुका आहेत. दोन्हींचा उल्लेख पत्रात यावा.

मात्र कारण सांगण्यालाही मर्यादा असते. युनिकोड व जुने फॉन्ट यांतील फरकाचे जे विवेचन आपण ६.२ मध्ये वाचले, ते पत्रात नको. तेथे दोन वाक्ये पुरेत. घरगुती अडचणी किंवा आजारपण हे कारण असेल, तर ते एका वाक्यात सांगावे. तपशिलात गेल्यास वाचणाऱ्यावर सहानुभूतीची सक्ती होते.

६.५ नव्या वेळेचा हिशोब

लाज वाटत असताना माणूस जवळची वेळ सांगून मोकळा होतो. ‘उद्या देते’ असे म्हटल्याने क्षणभर हलके वाटते, परंतु दुसऱ्यांदा मुदत चुकली तर पहिल्या दिलगिरीलाही अर्थ राहत नाही. म्हणून वेळ सांगण्यापूर्वी हिशोब करावा.

बाकी पृष्ठे ५६. पहिल्या ४० पृष्ठांच्या अनुभवावरून मुद्रितशोधिका तासाला ८ पृष्ठे बारकाईने वाचू शकते. म्हणजे वाचनाला ७ तास. तक्त्यांतील आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहण्यास आणखी २ तास. एकूण ९ तास. तिला सोमवारी रात्री २ तास आणि पुढे रोज ५ तास मिळू शकतात. सोमवारचे २ आणि मंगळवारचे ५ मिळून ७ तास होतात. उरलेले २ तास बुधवारी. बुधवारी दुपारपूर्वीच काम संपावे. तरी तिने बुधवारी सायंकाळी ५ ही वेळ सांगावी, म्हणजे तीन तासांची मोकळीक राहते. एखादे पृष्ठ अपेक्षेपेक्षा अधिक बिघडलेले निघाले, तरी वेळ पाळता येईल.

परंतु बुधवारी पाच वाजता सगळी पुस्तिका एकदम दिली, तर समन्वयक बाईंना वाचण्यासाठी केवळ एक रात्र उरते. यावर उपाय काम तुकड्यांनी देण्याचा. तयार असलेली ४० पृष्ठे संदेशासोबतच पाठवता येतील. उरलेल्या ५६ पृष्ठांचे २८-२८ चे दोन भाग केले, तर एका भागाला साडेचार तास लागतात. म्हणजे पहिला भाग मंगळवारी रात्री ९ पर्यंत सहज होतो. अशा रीतीने समन्वयक बाईंचे वाचन थांबत नाही आणि गुरुवारचा छापखाना चुकत नाही.

६.६ सुधारित पत्र

> विषय : पुस्तिकेची पृष्ठे १ ते ४० सोबत, उर्वरित पृष्ठे बुधवार, १९ नोव्हेंबर, सायं. ५ पर्यंत
>
> आदरणीय महोदया,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> पुस्तिका आज सायंकाळी ५ वाजता देण्याचे मी मान्य केले होते. ते काम मी वेळेत पूर्ण करू शकले नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. आपले दोन दिवसांचे वाचनाचे नियोजन यामुळे बिघडले आहे, याची मला जाणीव आहे.
>
> पृष्ठ ४१ पासूनचा मजकूर वेगळ्या जुन्या फॉन्टमध्ये असल्याने युनिकोडमध्ये आणताना त्यातील रफार व वेलांट्या विस्कटल्या. मी सुरुवातीची दहाच पृष्ठे तपासली होती, म्हणून हे मला काल रात्री कळले. ते मी कालच आपणांस कळवावयास हवे होते.
>
> तपासून झालेली पृष्ठे १ ते ४० सोबत जोडली आहेत. पृष्ठे ४१ ते ६८ मंगळवार, १८ नोव्हेंबर, रात्री ९ पर्यंत आणि पृष्ठे ६९ ते ९६ बुधवार, १९ नोव्हेंबर, सायंकाळी ५ पर्यंत पाठवीन. ही ५६ पृष्ठे मी ओळीने वाचत असून तक्त्यांतील आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहत आहे.
>
> या वेळा आपणांस चालतील का, हे कृपया आज कळवावे. पुस्तिकेचा एखादा भाग आधी हवा असल्यास मी त्यापासून सुरुवात करीन.
>
> आपली विश्वासू,
> (स्वाक्षरी)

या पत्राची रचना पाहा. विषयाच्या ओळीतच नवी वेळ आली आहे. समन्वयक बाईंनी भ्रमणध्वनीवर केवळ ती ओळ वाचली, तरी त्यांना महत्त्वाची गोष्ट कळते. कारण दोन वाक्यांत आटोपले आहे. दुरुस्ती सांगताना ‘सर्व दोष दूर करीन’ असे मोघम आश्वासन नाही, तर कोणती कृती चालू आहे ते सांगितले आहे.

‘दिलगीर आहे’ या शब्दयोजनेकडेही लक्ष द्यावे. ‘दिलगीर’ हा फारसी शब्द लिहिणाऱ्याच्या मनाची स्थिती सांगतो. ‘क्षमस्व’ हे संस्कृतातील आज्ञार्थी रूप आहे. त्याचा मूळ अर्थ ‘क्षमा कर’ असा. म्हणजे तेथे समोरच्या व्यक्तीकडे काहीतरी मागितले जाते. ‘माफी मागतो’ या रचनेतही मागणी आहेच. या तिन्ही शब्दयोजना शिष्टसंमत आहेत. परंतु जिचे काम अडले आहे तिच्याकडे आधी क्षमा मागण्यापेक्षा आपली दिलगिरी नोंदवावी आणि मागणी करावयाचीच तर ती नव्या वेळेच्या संमतीची करावी, हे अधिक उचित.

ही संमती मागणे हा केवळ शिष्टाचार नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ नुसार, ज्या करारात वेळ हाच गाभा आहे, तेथे वेळ चुकल्यास काम सोपवणाऱ्याला करार रद्द करण्याचा अधिकार मिळतो. तो न वापरता त्याने उशिरा झालेले काम स्वीकारले आणि स्वीकारताना तशी सूचना दिली नाही, तर त्या विलंबाची भरपाई त्याला मागता येत नाही. म्हणजे नवी वेळ मान्य करणे हा त्याचा निर्णय असतो. आपण ती जाहीर करून मोकळे होऊ शकत नाही; ती सुचवावी लागते.

६.७ पत्रानंतर

नवी वेळ पाळली जाणार नाही असे दिसू लागले, तर ती टळण्याची वाट न पाहता त्याच क्षणी कळवावे. आपल्या उदाहरणात मंगळवारी सायंकाळी सहापर्यंत २८ पैकी निम्मी पृष्ठेही झाली नसतील, तर रात्री ९ ची वेळ धोक्यात आहे असे समजावे. शेवटचा भाग पाठवताना पुन्हा दिलगिरी नको. काय पाठवले आणि कोठे शंका उरली, एवढेच लिहावे. पुढील कामात प्रत्येक भागातील दोन पृष्ठे पहिल्या दिवशी तपासण्याची पद्धत मुद्रितशोधिकेने स्वीकारली, तर दुरुस्ती खऱ्या अर्थाने पूर्ण झाली असे म्हणता येईल.

६.८ सारांश

मुदत चुकल्यानंतरचे पत्र वाचणाऱ्याला निर्णय घेता यावा यासाठी लिहावयाचे असते. त्यात कर्ता स्पष्ट असावा, दिलगिरीला अट नसावी, कारणात ‘वेळीच का कळले नाही’ याचे उत्तर असावे. नवी वेळ उरलेले काम, कामाचा वेग आणि उपलब्ध तास यांवरून काढावी, तीत थोडी मोकळीक ठेवावी आणि वार, दिनांक व घड्याळातील वेळ यांसह लिहावी. तयार झालेला भाग शक्यतो पत्रासोबतच द्यावा.

६.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘आपणांस त्रास झाला असल्यास खेद वाटतो’ हे वाक्य अट काढून व कर्ता स्पष्ट करून पुन्हा लिहा.

२. एका अनुवादकाची ३० पृष्ठे बाकी आहेत. तो तासाला ६ पृष्ठे करतो आणि त्याला मंगळवारपासून रोज रात्री ७ ते १० असे ३ तास मिळतात. त्याने कोणती वेळ सांगावी? कारण द्या.

उत्तरसूचना

१. नमुना : ‘मी अनुवाद वेळेत दिला नाही, त्यामुळे आपले काम अडले. याबद्दल मी दिलगीर आहे.’

२. एकूण ५ तास लागतील. म्हणजे काम बुधवारी रात्री ९ ला संपेल. पण नेमकी तीच वेळ सांगितल्यास मोकळीक राहत नाही. बुधवारचा उरलेला एक तास राखीव धरून गुरुवार, सकाळी ९ ही वेळ सांगावी. बुधवारी रात्री काम पूर्ण झाल्यास ते आधी पाठवण्यास हरकत नाही.